ओव्हलच्या पोटातला काळा पट्टा

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर प्रॉंग दाबायचं काम मी भाच्याकडे सोपवलं. हिरा निवडायचं मात्र सोडलं नाही. हा अहंकारच आहे, आणि तो मला प्रिय आहे.

लॅबमध्ये तयार होणारे हिरे आल्यापासून मुरुडसारख्या गावातही एक कॅरेटचा खडा साखरपुड्याच्या अंगठीत बसू लागला. येणाऱ्या मुलींना बहुतेक ओव्हलच हवा असतो, कारण तो मोठा दिसतो. दिसतो खरा. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा, तर त्याच वजनाचा ओव्हल सुमारे ७.७ बाय ५.७. वरून दिसणारा पसारा शेकडा चारनेच जास्त भरतो, पण डोळा लांबी बघतो. कुशनचं बरंच वजन पोटात जातं, म्हणून तो वरून लहान दिसतो.

परवा एका मुलीच्या आखूड, रुंद बोटावर गोल, ओव्हल, कुशन, पेअर हे चारही आकार मेणाने चिकटवून दाखवले. कुशनने बोट आणखी रुंद केलं. गोल सर्वांत जास्त चमकला, पण बोट होतं तेवढंच राहिलं. पेअरचं टोक नखाकडे केल्यावर बोट सर्वांत लांब दिसलं. पण ते टोक धक्क्याने तुटतं, त्याला व्ही आकाराची प्रॉंग लागते, आणि मुलगी घरकाम करणारी. ओव्हल ठरला.

खरा पेच इथून सुरू होतो. तिच्यासाठी आलेले दोन ओव्हल वजनाने, रंगाने, स्वच्छतेने सारखे. एकाच्या मध्यावर मात्र बो-टायसारखा काळा पट्टा. लांबट हिऱ्याच्या मधले पैलू प्रकाशाऐवजी बघणाऱ्याच्या डोक्याची सावली परत पाठवतात, तो हा पट्टा. थोडाफार जवळजवळ प्रत्येक ओव्हलमध्ये असतो, पेअरमध्येही असतो. तो किती गडद, हे रिपोर्टात लिहिलेलं नसतं.

मोठ्या शोरूममध्ये छतावरून इतके दिवे सोडलेले असतात की कोणताही हिरा ठिणग्या टाकतो. तिथे ओव्हल पसंत करणं मला पटत नाही. मी चिमट्यात धरून दुकानाच्या दारात येतो, उन्हात नाही, नुसत्या आभाळाच्या उजेडात. आधी हातभर लांब धरतो, मग जवळ आणतो, मग डावीउजवीकडे किंचित कलवतो. पट्टा कलवताच उजळला तर हिरा चांगला. डोलत्या हातावर त्या काळ्याउजळाचा खेळ शोभतो. कलवूनही तो काळाच राहिला, तर अंगठीत मधोमध भोक पडल्यासारखं दिसतं, आणि कोणतंही कोंदण ते झाकत नाही.

भाचा म्हणतो, "मामा, व्हिडिओत सगळं दिसतंय की." व्हिडिओत हिरा दिव्याखाली फिरत असतो, त्यावर वाकलेलं माणसाचं डोकं तिथे नसतं. पट्टा पडतो तो त्या डोक्यामुळेच. म्हणून गोल हिरा त्याने खुशाल व्हिडिओवर मागवावा, ओव्हल माझ्या हाताखालूनच जाईल.