जिल्हेजमधला ‘जि’

पेशवेकाळातल्या मराठी पत्रांच्या तारखांत ‘जिल्काद’, ‘जिल्हेज’ हे महिने भेटतात. अरबी महिन्यांच्या यादीत मात्र त्यांची नावं ‘ज़ुलक़ादा’, ‘ज़ुलहिज्जा’ अशी असतात. हा ‘ज़ु’चा ‘जि’ कोणा कारकुनानं केलेला नाही. ‘अमुक महिन्याची तारीख’ म्हटलं की महिन्याचं नाव षष्ठीत जातं, आणि ‘ज़ू’चं षष्ठीरूप ‘ज़ी’. फारसीमार्गे आपल्याकडे आलं ते हेच रूप.

अरबी शिकवताना ‘पाच नामं’ मी इथूनच सुरू करते. अरबीत विभक्त्या तीनच. साध्या नामाच्या शेवटी प्रथमेला उ, द्वितीयेला अ, षष्ठीला इ, तिन्ही ऱ्हस्व. पण ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे ‘किताबुक’, ‘किताबक’, ‘किताबिक’ (तुझं पुस्तक) छापील पानावर एकसारखेच दिसतात आणि विभक्ती संदर्भावरून ओळखावी लागते. बापाचं तसं नाही. तुझा बाप आला तर ‘अबूक’, त्याला पाहिलं तर ‘अबाक’, त्याला सलाम केला तर ‘अला’ या अव्ययामागून ‘अबीक’. वाव, अलिफ, या ही तिन्ही अक्षरं पानावर दिसतात. अशीच वागणारी आणखी चार नामं: भाऊ, सासरा, तोंड आणि ‘वाला’ या अर्थाचा ‘ज़ू’. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘आजुर्रूमिय्या’ या छोट्या व्याकरणात ही पाच एका ओळीत येतात. शेवटचं उदाहरण ‘ज़ू माल’, म्हणजे मालदार. माल आपलाच वाटतो.

मात्र नामापुढे दुसरं नाम किंवा सर्वनाम जोडलेलं हवं. एकटा बाप साध्या नामासारखाच चालतो: अबुन, अबन, अबिन. ‘तोंड’ला तर शेवटचा ‘म’ टाकावा लागतो, तेव्हा ‘फू’, ‘फा’, ‘फी’ होतं; म ठेवला तर पुन्हा ऱ्हस्व स्वर.

खरी फसगत ‘माझा’ने होते. ‘माझा बाप’ तिन्ही विभक्त्यांत ‘अबी’च. म्हणून ‘अली इब्न अबी तालिब’ हे नाव दिसलं की कोणीतरी ‘माझा बाप तालिब’ असा अर्थ लावतोच. अलींच्या वडिलांना अबू तालिब म्हणत. ‘इब्न’, म्हणजे मुलगा, आधी आला आणि अबूचा अबी झाला. ओळखायचं कसं? ‘अबी’ला लागूनच दुसरं नाम असेल आणि दोन्ही मिळून एकाच माणसाचं नाव होत असेल, तर ती ‘ई’ विभक्तीची. वाक्य ‘अबी’वरच थांबत असेल, तर ‘माझा’.

बोलीभाषांनी हा खटाटोप केव्हाच सोडला. तिथे सगळीकडे ‘अबू’. वर्तमानपत्रंही ‘अबूधाबीत’ लिहिताना शहराचं नाव एकसंध शब्द मानून ‘अबू’ तसंच ठेवतात, एरवी नियमाने तिथे ‘अबी’ हवं. परीक्षेत कोणी असं लिहिलं तर मी गुण कापत नाही. अबू तालिबांच्या बाबतीत मात्र कापते.