साडेनऊला बंद

धाकटीच्या हळदीला डीजे नको, हे माझं मत घरात कुणी ऐकलं नाही. मग दोन दिवस आधी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं : ‘शनिवारी गच्चीवर हळद आहे. संध्याकाळी सात ते साडेनऊ गाणी वाजतील. तुम्हाला त्रास होईल, माफ करा. आवाज जास्त वाटला तर मला फोन करा, लगेच कमी करू.’ कायद्याने मुभा दहापर्यंत. पण ‘शेवटचं एक गाणं’ कधी एकच नसतं, म्हणून अर्धा तास हातात ठेवला.

आमच्या खालच्या काकूंकडे मात्र स्वतः गेले. त्या म्हणाल्या, “भाभी, आठ ते नऊ नातवाचा ऑनलाइन क्लास असतो. दहावी आहे ना!” तो तास स्पीकर बंद ठेवून जेवणं उरकली, इशाची नमाजही झाली. साडेनऊला पोरं कुरकुरली. वायर मीच काढली.