गीतांच्या फळ्यावरचा नंबर

आमच्या गावचं देऊळ म्हणजे मिशनच्या काळातली दगडी खोली आणि वर पत्रे. पावसाळ्यात उपासना चालू असली की अर्धा उपदेश पत्रेच करतात. वेदीच्या डाव्या अंगाला एक काळा फळा आहे. त्यावर त्या रविवारच्या गीतांचे नंबर खडूनं लिहिलेले असतात. लहानपणी मी आणि आक्का त्या नंबरांच्या बेरजा करत बसायचो, म्हणजे उपदेश लवकर संपल्यासारखा वाटायचा.

हीच आक्का 2022 च्या उन्हाळ्यात एस.टी.त बसलेली असताना एकदम उठून उभी राहिली आणि ओरडली, "गाडी थांबवा, मी मरते!" छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशाशी श्वास अडकलेला. दाजींनी तिला तशीच तालुक्याला नेली. कार्डिओग्राम चांगला निघाला. थायरॉइड आणि रक्तही तपासलं, त्यातही काही नव्हतं. पण पंधरा दिवसांत असं तीनदा झालं. मग तिनं एस.टी. सोडली, बाजार सोडला, शेवटी देऊळही सोडलं. बायका म्हणायच्या, "हिला बाहेरचं काहीतरी लागलंय." मंडळीतले वडील म्हणायचे, "विश्वास कमी पडतोय." दोन्हीचा अर्थ आक्काला एकच लागायचा, की चूक तिची आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या मानसोपचार डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी गोळी सुरू केली आणि आधीच बजावलं, "पहिला आठवडा जरा जास्तच बेचैन वाटेल. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही." झालंही तसंच. पाचव्या आठवड्यात आक्का स्वतःहून देवळात आली आणि उठून साक्ष दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घोळ इथंच झाला. उपासनेनंतर आमच्या पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, "प्रभूनं बरं केलंय ना आक्का, मग आता गोळीचा आधार कशाला?" साहेब मनाचे चांगले. वाईट हेतू तीळभर नव्हता. आक्कानं घरी जाऊन पाकीट चुलीत टाकलं.

तिसऱ्या दिवसापासून तिला चक्कर येऊ लागली. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. झोप उडाली, पोरांवर खेकसायला लागली. मला पुढं डॉक्टरांनी समजावलं, की गोळी एकदम तोडली की असा त्रास दोन-चार दिवसांतच उठतो. शरीराला तिची सवय झालेली असते, म्हणून ती कमी कमी करत सोडायची. मूळचा आजार मात्र हळूहळू, काही आठवड्यांनी परततो. आक्काला आधी एक झालं, मग दुसरं. एका रात्री ती दाजींना म्हणाली, "देवानं मला आता न्यावं. मी त्याचंही नाव घालवलं."

दाजी तसेच रात्री पाळकसाहेबांच्या दारात गेले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, तुमच्या शब्दावर तिनं गोळी टाकली. आता तुम्ही चला." साहेब त्या रात्री आक्काच्या उशाशी बसून राहिले आणि सकाळी जीपमध्ये तिच्यासोबत जिल्ह्याला गेले.

पुढचा उपदेश मी कधी विसरणार नाही. साहेबांनी एलीया काढला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, आणि ईजबेल राणीचा एक निरोप आला तर जीव घेऊन पळाला. चाकराला बैर-शेब्यात सोडलं, एकटाच रानात गेला, एका झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागितलं. साहेब थांबले. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मग देवानं काय केलं? दूत पाठवला. दूतानं एलीयाला विचारलं का, की तुझा विश्वास कुठं गेला? नाही. निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. परत उठवलं, परत खायला घातलं. म्हणाला, वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. आधी शरीर सावरलं, मग होरेबाला नेऊन त्याचं ऐकून घेतलं, आणि शेवटी सोबतीला अलीशा दिला. देवानं जे क्रमानं केलं, ते मी उलटं केलं. एका बहिणीच्या हातातली भाकर मी काढून घेतली."

मंडळी चिडीचूप. आक्का घरीच होती. साहेबांनी तिचं नाव घेतलं नाही, पण कोणाला कळायचं राहिलं नव्हतं.

मग एक वडील बसल्या जागेवरून बोलले, "पण साहेब, चिंता करू नका असं पौलानंच लिहिलंय." साहेब म्हणाले, "लिहिलंय, आणि ते खरंच आहे. फिलिप्पैकरांना लिहिलं तेव्हा तो स्वतः बेड्यांत होता. पण त्यानंच करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आपल्या दुःखांची यादी दिलीय. फटके, जहाज फुटणं, उपास, आणि शेवटी सगळ्या मंडळ्यांची रोजची चिंता. हे तो लपवत नाही. म्हणजे ते वचन चिंता करणाऱ्याला हाणायची काठी नाही, चिंता घेऊन कुठं जायचं ते सांगणारं बोट आहे. आणि ह्याच पौलाच्या सोबत लूक वैद्य होता. पौलानं त्याला कधी सांगितलं नाही की तुझं काम आता संपलं."

शेवटी साहेब फळ्याकडे गेले आणि गीतांच्या नंबरांखाली खडूनं लिहिलं : 14416. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या मावशी पुस्तक चाळत पुटपुटल्या, "एवढं मोठं गीत आपल्या पुस्तकात कुठं हाय रं?" साहेब हसले. "मावशी, हा सरकारचा टेलि-मानसचा फोन आहे. रात्रंदिवस चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी प्रार्थना करीन, सोबत बसेन, दवाखान्यात येईन. पण औषध कधी सुरू करायचं आणि कधी बंद करायचं, हे मी पुन्हा कधी सांगणार नाही. आणि घरातलं कोणी एलीयासारखं मरण मागायला लागलं, तर त्याला एकटं ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या."

आक्काची गोळी पुन्हा सुरू झाली. ह्या वेळी समुपदेशक बाईही मिळाल्या. त्यांनी तिला एस.टी.त परत बसवलं, पण एकदम नाही. पहिल्या आठवड्यात नुसतं थांब्यावर जाऊन उभं राहायचं. मग गाडीत बसून पुढच्या फाट्यापर्यंत. धडधड सुरू झाली तरी मध्येच उतरायचं नाही. भीती चढते तशी उतरतेही, हे आपल्या अंगानं बघायचं. दाजी मागं मोटारसायकलवर असायचे. तिसऱ्या खेपेला आक्का फाट्यावर उतरून म्हणाली, "आली होती, पर गेली बया." गोळी पुढं वर्षभर चालली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडी थोडी करत सुटली. अजूनही कांद्याचा भाव पडला की तिची झोप जाते. पण आता ती ते लपवत नाही.

फळ्यावरचे गीतांचे नंबर दर शनिवारी पुसले जातात. खालचा नंबर पुसायचा नाही, असं साहेबांनी पोरांना बजावून ठेवलंय. खडू फिका झाला की आक्काच उठून तो गिरवते.