'वेळेवर' म्हणजे नक्की किती वाजता?

आमच्या बुधवार पेठेतल्या शाळेत पाचवीच्या शिष्यवृत्ती सराव पेपरचं परिपत्रक असं होतं: 'विद्यार्थ्यांनी आवश्यक साहित्यासह वेळेवर उपस्थित राहावे. गैरप्रकार आढळल्यास योग्य ती कारवाई केली जाईल.' यात 'आवश्यक', 'वेळेवर' आणि 'योग्य' या तिन्ही शब्दांचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा निघतो. म्हणून मुख्याध्यापकांना विचारून मी ते असं लिहिलं:

आणा: प्रवेशपत्र, काळ्या किंवा निळ्या शाईची दोन बॉलपेनं. उत्तराचं वर्तुळ पेननेच रंगवायचं, पेन्सिल चालणार नाही.
आणू नका: मोबाईल, स्मार्टवॉच, कॅल्क्युलेटर.
वेळ: १०.३० ला वर्गात बसा. पेपर ११.०० ते १२.३०. उशिरा आलात तर बसू देऊ, पण पेपर १२.३० लाच घेऊ.
शिक्षा: बोलताना दिसलात तर एकदा ताकीद. पुन्हा बोललात किंवा नक्कल सापडली तर त्या पेपरला शून्य गुण. निर्णय मुख्याध्यापक घेतील आणि त्याच दिवशी पालकांना कळवतील.

'पेन्सिल चालणार नाही' हे मुद्दाम लिहिलंय. फक्त 'पेन आणा' म्हटलं, की मूल दोन्ही आणतं आणि आधी पेन्सिलीने रंगवतं.

परिपत्रक वाटण्याआधी एखाद्या मुलाला वाचायला द्या आणि विचारा, "११.१० ला आलास तर किती मिनिटं मिळतील?" '८०' हे उत्तर आलं नाही, तर वाक्य बदला.