क्रम बदलला की खड्डा बदलतो

बॅकटेस्टचा अहवाल कोणी दाखवला की माझी नजर आधी ड्रॉडाउनच्या रकान्यावर जाते. खातं एखाद्या शिखरावर पोचल्यानंतर तिथून जास्तीत जास्त किती खाली आलं, तो हा आकडा. माझ्या इचलकरंजीच्या मेहुण्याने त्याच्या निफ्टी फ्युचर्सच्या स्ट्रॅटेजीचा अहवाल पाठवला, त्यात तो ४६,००० रुपये होता. स्ट्रॅटेजी साधी होती. सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासाची रेंज ज्या बाजूला तुटेल त्या बाजूला शिरायचं, साधारण ६० पॉइंटांचा स्टॉपलॉस लावायचा आणि बाजार बंद होण्याआधी बाहेर पडायचं. दोन वर्षांत २४० ट्रेड, त्यात ९६ फायद्याचे. फायदा सरासरी ९,००० चा, तोटा सरासरी ४,५०० चा. हे सगळं तेव्हाच्या ७५ च्या एका लॉटचं, आणि एकूण कमाई २ लाख १६ हजार.

त्याचा हिशेब तयारच होता. "दाजी, सहा लाख आहेत. दोन लॉटना मार्जिन पावणेपाच लाखांच्या आसपास लागतंय, म्हणजे सव्वा लाख मोकळे. दोन लॉटचा खड्डा ब्याण्णव हजारांचा. बसतंय की!"

बेरीज-वजाबाकी बरोबर होती. फक्त ४६,००० हा आकडा एकाच क्रमातून आला होता, म्हणजे ते २४० ट्रेड ज्या ओळीने घडले त्या ओळीतून. पुढच्या दोन वर्षांत अगदी याच दर्जाचे ट्रेड झाले तरी ते याच ओळीने येतील असं कुठे आहे? त्याला फोनवर हे पटेना, म्हणून मी सहा ट्रेड कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. आकडे हजारांत: +९, −४, −५, +१०, −४, +८. बेरीज १४. या क्रमाने गेलं तर खातं ९ वर चढतं, शून्यावर येतं, मग १०, ६ आणि १४. सर्वांत मोठा खड्डा ९ चा. तेच सहा ट्रेड −४, +९, −५, +१०, −४, +८ असे आले तर खड्डा फक्त ५ चा. आणि फायद्याचे तिन्ही आधी आणि तोट्याचे तिन्ही नंतर आले तर खातं २७ वर जाऊन १४ वर येतं, म्हणजे खड्डा १३ चा. तिन्ही वेळा शेवटी हातात १४ च. कमाई क्रमावर अवलंबून नाही, खड्डा आहे.

सहा ट्रेड हाताने मांडता येतात. २४० ट्रेडचे क्रम मोजण्यापलीकडचे असतात, त्यामुळे त्यांतले काही हजार यदृच्छेने उचलायचे आणि प्रत्येकाचा खड्डा मोजायचा, एवढंच करायचं असतं. याला मॉन्टे कार्लो म्हणतात. स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाला १९४६ मध्ये आजारातून उठताना पत्त्यांचा पेशन्स खेळता खेळता ही कल्पना सुचली. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा खूप डाव खेळून मोजणं सोपं, असं त्याच्या लक्षात आलं. आपणही इथे ट्रेडची यादी पत्त्यांसारखी पिसतो.

एक्सेलमध्ये हे जमतं: ट्रेडच्या शेजारच्या रकान्यात RAND() टाकायचं आणि त्या रकान्यावर सॉर्ट करायचं. पण ते हजारो वेळा करायला मॅक्रो लागतो. मी पायथॉन वापरतो.

```python
import numpy as np
t = np.loadtxt("trades.csv")
rng = np.random.default_rng(7)
dd = []
for _ in range(10000):
    e = np.concatenate(([0], np.cumsum(rng.permutation(t))))
    dd.append((np.maximum.accumulate(e) - e).max())
print(np.percentile(dd, [50, 95, 99]))
```

यातलं सुरुवातीचं शून्य क्षुल्लक दिसतं, पण ते गाळू नये. पहिलाच ट्रेड तोट्याचा निघाला तर शून्याशिवाय तो तोटा खड्ड्यात धरलाच जात नाही, कारण प्रोग्राम पहिल्या तोट्यानंतरच्या पातळीलाच शिखर समजतो. आणि यादी खर्च वजा केलेली हवी. ब्रोकरेज, कर आणि भावातली घसर मिळून ट्रेडमागे शंभर रुपये जरी कमी धरले गेले तरी २४० ट्रेडमध्ये २४,००० रुपये हवेत जातात. मेहुण्याच्या यादीत खर्च धरलेला होता, हे आधी पाहून घेतलं.

निकाल असा आला. निम्म्या क्रमांत खड्डा ६४,००० च्या वर होता. शंभरातल्या पाच क्रमांत तो १ लाख ४ हजारांच्या पुढे गेला आणि शंभरातल्या एकात सव्वा लाखाच्या पुढे. हे सगळं एका लॉटचं. त्याच्या अहवालातला ४६,००० हा आकडा या पसाऱ्यात तळाशी बसत होता. दहांतल्या नऊ क्रमांत खड्डा त्याहून खोल होता. म्हणजे गेल्या दोन वर्षांत ट्रेड त्याच्या सोयीच्या ओळीने आले होते.

आता त्याचे मोकळे सव्वा लाख, नेमके म्हणजे १ लाख ३० हजार. दोन लॉटमध्ये वाटले तर लॉटमागे ६५,०००. त्याहून खोल खड्डा जवळजवळ निम्म्या क्रमांत पडत होता. इथे त्याने एक चांगला प्रश्न विचारला: "पण दाजी, खड्डा शिखरापासून मोजताय. आधी दोन लाख कमावले आणि मग लाख गेले, तर मार्जिन कशाला कमी पडेल?"

प्रश्न रास्तच आहे, आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत. शिखरापासूनची घसरण आणि सुरुवातीच्या भांडवलाखालची घसरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्जिन कमी पडण्याशी संबंध दुसरीचा. म्हणून त्याच हजारो क्रमांत मी खातं सुरुवातीच्या पातळीखाली जास्तीत जास्त किती गेलं तेही मोजलं. लॉटमागे ६५,००० हून जास्त खाली गेलेले क्रम शंभरात तीन-चारच होते. केवढा फरक! फायदा खात्यातच राहू दिला तर दोन लॉटचा त्याचा बेत अगदीच वेडा नव्हता.

पण फायदा खात्यात राहणार नव्हता. दर महिन्याला कमाई घरखर्चाला काढायची, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. असा माणूस प्रत्येक नव्या शिखरावर खातं पुन्हा सहा लाखांवर आणतो, त्यामुळे पुढची घसरण थेट भांडवलातून जाते. त्याच्यासाठी मोजमाप शिखरापासूनचंच, आणि उत्तर जवळजवळ नाणं उडवल्याइतकं. पैसे कोण कधी काढणार हे ठरल्याशिवाय कुठला खड्डा मोजायचा तेच ठरत नाही.

पिसण्याची एक मर्यादा मात्र आहे. ट्रेड एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ब्रेकआउटच्या स्ट्रॅटेजीला बाजार आडवा चालला की लागोपाठ स्टॉपलॉस बसतात. असे तोट्याचे पुंजके खऱ्या यादीत असतील तर पिसताना ते विखुरतात आणि खड्डे खऱ्यापेक्षा उथळ दिसतात. याची एक खूण सापडते. मूळ क्रमाचा खड्डा पिसलेल्या क्रमांपैकी ९५ टक्क्यांहून खोल असेल तर पुंजक्यांचा संशय घ्यावा. इथे उलटं होतं, मूळ खड्डा उथळ होता, पण एका यादीवरून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. म्हणून दुसरी चाचणी केली: सुटे ट्रेड न पिसता चोवीस महिने अख्खे पिसले, महिन्याच्या आतला क्रम तसाच ठेवून. पुंजके महिन्याच्या आत असतील तर ते अशा पिसण्यात टिकतात. खड्ड्यांचा पसारा फारसा बदलला नाही, तेव्हा सुट्या ट्रेडचे आकडे मी मान्य केले. निफ्टी आणि बँक निफ्टी दोन्ही एकाच दिवशी खेळणाऱ्यांनी मात्र सुटे ट्रेड पिसूच नयेत. दोन्ही सहसा एकाच दिवशी बुडतात, आणि पिसताना ते दोन तोटे यादीच्या दोन टोकांना जाऊन पडतात. तिथे दिवसाची बेरीज हा एक पत्ता धरावा.

पिसण्याने आणखी एक गोष्ट झाकली जाते, आणि मला ती सर्वांत खटकते. कसंही पिसलं तरी शेवटची बेरीज २ लाख १६ हजारच राहते. म्हणजे स्ट्रॅटेजी पुढेही तितकीच कमावणार, हे आपण न बोलता मान्य करतो. त्याऐवजी प्रत्येक ट्रेड उचलून परत यादीत ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा, म्हणजे एखादा दोनदा येईल, एखादा येणारच नाही, असं केलं तर बेरीजही हलते. वरच्या प्रोग्राममध्ये `rng.permutation(t)` च्या जागी `rng.choice(t, len(t))` लिहिलं की झालं. मेहुण्याच्या यादीची कमाई तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा साधारण ४० हजार ते ४ लाख यांच्यामध्ये पडली, आणि खड्ड्यांची खोल बाजू आणखी खोल झाली. २४० ट्रेड पुष्कळ वाटतात, पण सरासरी कमाई त्यांतून एवढ्याच ढोबळपणे कळते. आणि नियमच जुन्या भावांवर घासूनपुसून बसवलेले असतील, तर कुठल्याही पिसण्याने ते उघडं पडत नाही. त्यासाठी बॅकटेस्टमध्ये न वापरलेल्या काळावरच चालवून पाहावं लागतं.

मेहुणा आता एका लॉटने खेळतो. त्याच्यासाठी १ लाख ४ हजार हा आकडा थांबण्याची रेघ म्हणून ठरला आहे. शिखरापासून तेवढी घसरण झाली तर ट्रेड बंद करून नियम तपासायचे, कारण स्ट्रॅटेजी पूर्वीसारखीच असताना इतकी घसरण विसांत एकदाच अपेक्षित आहे. मात्र ही रेघ २४० ट्रेडपुरती आहे. ट्रेड वाढत गेले की खोल खड्डा भेटण्याची शक्यताही वाढते, म्हणून दर वर्षी नवी यादी घालून तिचा आकडा पुन्हा काढायचा.

तुम्हाला कोणी स्ट्रॅटेजी विकायला आला आणि "ड्रॉडाउन फक्त इतका" म्हणाला, तर त्याच्याकडे तारखांसह सगळ्या ट्रेडची यादी मागा आणि ती स्वतः पिसून बघा. यादी द्यायला तयार नसेल त्याला पैसे देऊ नका.