नाकावरचे दोन खड्डे

आर्वीतल्या माझ्या फोटो स्टुडिओत काकू आल्या तेव्हा पिशवीत काकांचा एकच फोटो होता, पोस्टकार्डापेक्षा लहान. तेरवीसाठी तो मोठा करायचा होता आणि त्यावरचा चष्मा काढायचा होता. मोतीबिंदूचं जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यात भिंग बसवायची सोय नव्हती, तेव्हापासूनचा तो जाड काचेचा चष्मा. "त्यानं डोये मोठे दिसतात भाऊ," काकू म्हणाल्या, "ते असे नव्हते."

काकूंचं बरोबर होतं. दहा नंबरच्या जाड भिंगातून डोळा जवळजवळ पाव पटीनं मोठा दिसतो. नुसती फ्रेम पुसली असती तर चेहरा घाबरलेला दिसला असता. लांबच्या नंबरचा चष्मा काढणं त्या मानानं सोपं, कारण तिथे लहान दिसणारा डोळा थोडा मोठा करायचा असतो आणि तो पसरून फ्रेमची रिकामी जागा बरीचशी झाकतो. इथे उलटं. डोळे ऐंशी टक्क्यांवर आणले आणि भोवती कातडीच नसलेलं कडं उघडं पडलं. भिंगानं तिथली कातडी फोटोत येऊच दिली नव्हती.

ती आणायची कुठून? खालच्या पापणीसाठी गालाचा वरचा भाग उचलला, वरच्या पापणीसाठी भुवईखालचा. पापणीची घडी फ्रेमच्या दांडीमागे अर्धी लपली होती, ती दिसणाऱ्या टोकापासून पुढे ओढत नेली. काळ्या फ्रेमला लागून हीलिंग ब्रश मी चालवत नाही, तो कडेचा काळेपणा कातडीत ओढून डाग पाडतो. तिथे आधी क्लोन स्टॅम्प, फ्रेम पूर्ण गेली की मग हीलिंग. डाव्या डोळ्यावर काचेची चमक होती. उजवा उलटवून बसवायचा मोह होतो, पण मग बुबुळातला प्रकाशाचा ठिपका दुसऱ्या बाजूला जातो आणि नजर तिरळी वाटते. म्हणून पापण्या उलटवून घेतल्या, ठिपका मात्र उजव्या डोळ्यात होता त्याच बाजूला हातानं ठेवला. दोन्ही डोळे चमकेत बुडाले असते, तर दुसऱ्या फोटोशिवाय मी कामच घेतलं नसतं. तसे डोळे कल्पनेनं काढले, तर ते त्या माणसाचे राहत नाहीत.

काडीची कानशिलावरची सावली राहून गेली होती, तीही काढली. शेवटी नाकावरचे चष्म्याचे वळ पुसले आणि काकूंना बोलावलं.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. "डोये यायचेच हायेत," म्हणाल्या. मग स्क्रीनवर नाकाशी बोट नेलं. "पण इथं खड्डे होते न भाऊ. रात्री चष्मा काढून ठेवला की दिसत."

नशिबानं वळ पुसण्याचं काम वेगळ्या लेअरवर होतं. त्याची ओपॅसिटी मी हळूहळू खाली आणली. चाळीसवर काकूंनी हात वर केला.