येव नव्हे, पेव

आबांच्या दोन वह्या मी बारामतीच्या घरी बसून उतरवून काढल्या. जसं लिहिलंय तसंच टंकायचं, ऱ्हस्वदीर्घही सुधारायचं नाही आणि न लागणारा शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालून सोडायचा, हे आधीच ठरवलं होतं. आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यातलं चार मिनिटांचं बोलायचं होतं. संथ बोललं तर चार मिनिटांत साडेचारशे शब्दही बसत नाहीत. वह्यांत आबांचं अख्खं आयुष्य होतं.

एक वाक्य अडलं : ‘शेवटचं येव उघडलं.’ त्यांचा प आणि य सारखाच दिसायचा. मी ते वाक्य आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “येव न्हाई रं, पेव!”

एखाद्या गोष्टीचं पेव फुटलं, असं मी सहज म्हणतो. पेव मात्र कधी पाहिलेलं नव्हतं. जमिनीत खोल खणलेला धान्याचा खड्डा. तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत ज्वारी भरून तोंड मातीनं लिंपायचं. बंद पेवात दाणाही श्वास घेत राहतो, आतला प्राणवायू संपवतो आणि जड, जीवघेणी हवा तळाशी साचते. म्हणून उघडल्याबरोबर कुणी उतरायचं नाही. आधी पेटता कंदील दोरीनं सोडायचा. विझला तर थांबायचं.

आबांचं गाव इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या बाजूला. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याचं पाणी चढण्याआधीच्या उन्हाळ्यात घर मोडलं, तेव्हाचं हे पेव. पाणी खूप खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ आजही उघडं पडतं. पेवाची जागा मात्र कुणाला सापडणार?

भाषणाला एवढंच घेतलं. कालव्याचं पाणी, ७२ सालचा दुष्काळ, नोकरी, सगळं बाजूला ठेवलं. ते गाळताना जीव तुटला, पण एकेका वाक्यात उरकलं असतं तर आबा कुठंच दिसले नसते. त्यांचा शब्द बदलला नाही. ते विरामचिन्हं देत नसत, म्हणून जिथं श्वास घ्यायचा तिथं पेन्सिलीनं तिरकी रेघ मारली. पेव म्हणजे काय, ते मात्र आधी दोन वाक्यांत माझ्या शब्दांत सांगितलं. मुलांना ते कळल्याशिवाय कंदिलाची भीती कळली नसती.

कार्यक्रमात मी वाचलं : ‘कंदील सोडला / दोनदा विझला / तिसऱ्यांदा राहिला मग उतरलो.’

आजी खुर्चीतून म्हणाली, “दोरी माझ्या हातात होती. तिसऱ्यांदाबी मी त्यास्नी लवकर उतरू दिलं न्हाई.”

त्या रात्री मी टंकलेल्या पानाच्या समासात आजीचं वाक्य लिहिलं, वेगळ्या शाईनं, खाली तारीख घालून.